महिनाअखेरचा हिशेब आणि डॉक्टर साहेबांच्या मंजुरीचे पत्र

दवाखान्याच्या काउंटरवर आता संगणक असतो, पेशंटला छापील पावती मिळते आणि भिंतीवर क्यूआर चिकटवलेला असतो. त्यामुळे बाहेरच्या माणसाचा असा समज होतो की इथला सारा हिशेब आपोआपच होत असणार. प्रत्यक्षात महिना संपला की त्याच दवाखान्यातला कारकून चार-पाच दिवस रात्री दहा दहा वाजेपर्यंत बसलेला असतो. बिलांचे आकडे एका पडद्यावरून वाचायचे, दुसऱ्या पडद्यावर टाइप करायचे, बँकेचा कागद हातात घेऊन पेन्सिलने खुणा करायच्या, हेच त्याचे काम. संगणक आहे, पण त्याचा वापर टाइपरायटरसारखाच चालला आहे.

आपल्या वाचकांपैकी अनेकांची मुले-मुली बी.कॉम. करून दवाखान्यांत, पॅथॉलॉजीत, औषधांच्या एजन्सीत हिशेबाला लागली आहेत. त्यांतल्या हुशार मुलांना हे पाहवत नाही. मग एक दिवस ते मालकाला ई-मेल लिहितात की साहेब, हे महिनाअखेरचे काम ऑटोमॅटिक करण्यास मंजुरी द्यावी. मालक ई-मेल वाचतात आणि उत्तर देत नाहीत. मुले म्हणतात मालक जुन्या विचारांचे आहेत, कंजूष आहेत. माझे मत वेगळे आहे. मंजुरी मिळत नाही याचे कारण बहुतेक वेळा त्या पत्रातच असते. पत्रात यंत्र मागितलेले असते. मालकाला मात्र यंत्राबद्दल काहीच ठरवायचे नसते. आपला पैसा कोणत्या नियमाने मोजला जाणार, एवढेच त्याला ठरवायचे असते, आणि ते नियम पत्रात कुठेच लिहिलेले नसतात.

माझ्या पाहण्यातले एक उदाहरण सविस्तर सांगतो. माझी भाची भिवंडीतल्या एका पॉलिक्लिनिकमध्ये हिशेब पाहते. नावे देत नाही, आणि आकडे थोडे बदलून दिले आहेत. मालक स्वतः फिजिशियन आहेत. त्यांच्याशिवाय बाहेरून येणारे चार डॉक्टर बसतात, लहान मुलांचे, स्त्रियांचे, हाडांचे आणि कान-नाक-घशाचे. हिशेबाला आधीपासून एक बुजुर्ग कारकून आहेत, दवाखाना उघडला तेव्हापासूनचे. भाची आणि बाकी सारेच त्यांना चाचा म्हणतात.

तिथे महिना संपला की चार कामे होतात. पहिले, बिलिंगच्या प्रोग्राममधून रोजची बिले काढून एक्सेलमध्ये उतरवणे. दुसरे, रोख, यूपीआय आणि कार्डाने आलेले पैसे बँकेच्या खात्याशी जुळवणे. तिसरे, बाहेरच्या चार डॉक्टरांचा हिस्सा काढणे. आणि चौथे, मालकांसाठी एका पानाचा रिपोर्ट. हा रिपोर्ट ६ तारखेच्या आसपास तयार होतो. डॉक्टरांच्या हिश्शावर दहा टक्के टीडीएस कापला जातो, आणि मार्च सोडला तर तो पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायचा असतो. म्हणजे हिशेब ६ तारखेला आणि भरणा ७ तारखेला. मध्ये एक सुटी आली किंवा चाचांना ताप आला की उशिराचे व्याज दवाखान्याच्या डोक्यावर.

भाचीचे पहिले पत्र मी वाचले आहे. दोन पाने होते. त्यात डिजिटल युग होते, तीन सॉफ्टवेअर कंपन्यांची नावे व दर होते, आणि हाताने काम केल्यामुळे चुका होतात असे एक वाक्य होते. पत्राची प्रत चाचांनाही गेली होती. तीन आठवडे उत्तर नाही. ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मामू, यात नाही म्हणण्यासारखे काय आहे?" मी म्हटले, हो म्हणण्यासारखे तरी काय आहे? डॉक्टर साहेबांनी नेमके कशाला हो म्हणायचे? तीन कंपन्यांपैकी कोणाला? आणि ते चुकांचे वाक्य तर थेट चाचांच्या इज्जतीवर गेले. इतक्या वर्षांच्या माणसाला दुखवून तुझे पत्र मंजूर करण्याची घाई मालकाला कशासाठी असेल?

आता कापडाच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो, म्हणजे नियम म्हणजे काय ते आपल्या लोकांना लगेच कळेल. ग्रे कापडाचे बिल झाले, त्यावर वटाव दिला. दलालाची दलाली वटावाच्या आधीच्या रकमेवर की नंतरच्या? प्रत्येक पेढीचा दस्तूर निराळा. एकाच पेढीत एका दलालाला आधीच्या रकमेवर आणि दुसऱ्याला नंतरच्या रकमेवर दलाली मिळते, आणि हे कुठेही लिहिलेले नसते. ते मुनीमजींच्या डोक्यात असते. मुनीमजी आहेत तोवर हिशेब बरोबर येतो. तोच हिशेब यंत्रावर टाकला की यंत्र विचारते, आधीची की नंतरची? कोणी उत्तर दिले नाही तर बनवणारा मुलगा स्वतःच्या मनाने एक उत्तर भरून टाकतो, आणि मग दर महिन्याला ते उत्तर न चुकता लागू होते. तकरार पुढे कधीतरी दलाल येऊन करतो.

दवाखान्यात तेच आहे. मुलांच्या डॉक्टरांची फी ६०० रुपये, त्यातला ७० टक्के हिस्सा त्यांचा, म्हणजे ४२०. गरीब पेशंट म्हणून १०० रुपये सोडले. आता हिस्सा ६०० चा की ५०० चा? ४२० की ३५०? चाचा दोन डॉक्टरांना पूर्ण फीवर हिस्सा देत होते आणि दोघांना कमी झालेल्या फीवर. त्याला कारण होते. कोणाशी कधी काय बोलणे झाले ते त्यांना तोंडपाठ होते. याला कोणी चूक म्हणू नये. ती माहिती होती, फक्त कागदावर आलेली नव्हती.

म्हणून भाचीने दोन महिनाअखेरी, जुलैची आणि ऑगस्टची, चाचांच्या शेजारी बसून काढल्या. घड्याळ लावून वेळ लिहिली, आणि चाचा जिथे जिथे "हे असे करायचे" म्हणाले तिथे का ते विचारून वहीत उतरवले. चाचांनाही बरे वाटले. इतक्या वर्षांत त्यांना कोणी विचारलेच नव्हते. त्यानंतर सप्टेंबरच्या सुरुवातीला तिने दुसरे पत्र लिहिले. ते चाचांना आधी वाचून दाखवले आणि मग पाठवले. मजकूर असा होता:

विषय: महिनाअखेरच्या रिपोर्टाची दोन महिने चाचणी. आपला होकार आणि तीन नियमांवर निर्णय हवा.

आदरणीय डॉक्टर साहेब,

आपल्याला दर महिन्याला मिळणारा एका पानाचा रिपोर्ट सध्या ६ तारखेला तयार होतो. तो २ तारखेला मिळावा यासाठी सप्टेंबर आणि ऑक्टोबर या दोन महिन्यांची चाचणी करण्यास आपली मंजुरी मागत आहे. रिपोर्ट आणि त्याचे रकाने आहेत तेच राहतील.

जुलै व ऑगस्टअखेर चाचांसोबत बसून वेळ मोजली. सरासरी १७ तास लागले. बिले उतरवण्यास ४, पैसे बँकेशी जुळवण्यास ७, डॉक्टरांचा हिस्सा काढण्यास ४ आणि रिपोर्टाला २. नव्या पद्धतीत अंदाजे ५ तास लागतील. हे काम शून्यावर येणार नाही, कारण जे पैसे जुळत नाहीत ते शोधणे माणसाचेच काम आहे. ते चाचाच करतील. पगाराची बचत होईल असे मी म्हणत नाही. वाचलेल्या वेळात पेशंटांकडची बाकी वसूल करण्याकडे लक्ष देता येईल.

नवे सॉफ्टवेअर घ्यायचे नाही. आपल्याकडच्या एक्सेलमध्येच पॉवर क्वेरी नावाची सोय आहे. बिलांची, यूपीआयची, कार्डाची आणि बँकेची अशा चार फाइली एका फोल्डरमध्ये ठेवल्या की ती त्या एकत्र करून देते. बनवण्याचे काम मी करीन, संध्याकाळचे सहा दिवस लागतील. खर्च नाही. बिलिंगच्या प्रोग्रामने पुढे रकाने बदलले तर दुरुस्ती करावी लागेल, त्यासाठी सगळी पद्धत लिहून ठेवीन.

बनवण्याआधी तीन गोष्टींवर आपला निर्णय हवा. आज त्या चाचांच्या अनुभवावर चालतात.

एक, फीमध्ये सवलत दिली तर डॉक्टरांचा हिस्सा पूर्ण फीवर काढायचा की सवलतीनंतरच्या?

दोन, बिल झाले पण पैसे आले नाहीत, तर हिस्सा बिलाच्या महिन्यात द्यायचा की पैसे आल्यावर?

तीन, मागच्या महिन्याचे बिल या महिन्यात रद्द झाले तर ते कोणत्या महिन्यात धरायचे?

चाचणीच्या दोन्ही महिन्यांत चाचांचा जुना हिशेब नेहमीप्रमाणे होईल आणि पैसे त्याच हिशेबाने दिले जातील. दोन्ही हिशेबांतल्या प्रत्येक फरकाचे कारण लिहून देईन. एकाही रुपयाचे कारण सापडले नाही तर नवी पद्धत लागू करू नये. जुनी फाइल जशीच्या तशी राहील.

फाइली दवाखान्याच्याच संगणकावर राहतील. रिपोर्टाच्या फाइलीत पेशंटचे नाव व आजार येणार नाही, फक्त बिल नंबर येईल. ती फाइल आपण, चाचा आणि मी अशा तिघांनाच उघडता येईल.

सप्टेंबरअखेर चाचणी करायची असल्यास २० तारखेपर्यंत आपला होकार आणि तीन उत्तरे मिळावीत.

आपली नम्र

या पत्रातली कोणती गोष्ट कामाला आली? माझ्या मते सर्वात आधी ते तीन प्रश्न. मालकाला पहिल्यांदा दिसले की आपल्या घरात एकाच गोष्टीचे दोन दस्तूर चालले आहेत आणि बाहेरचे डॉक्टर एक दिवस आपापसात बोलले तर बोलणी आपल्यालाच खावी लागतील. उत्तर तिसऱ्या दिवशी आले.

दुसरी गोष्ट म्हणजे पगार वाचेल असे न लिहिणे. पुष्कळ मुले बारा तास वाचले, ताशी इतके रुपये, वर्षाला इतके हजार असा गुणाकार करून पाठवतात. मालक व्यापारी असो की डॉक्टर, त्याला हे ठाऊक असते की पगार तेवढाच जाणार आहे, मग हे हजार कोणत्या खिशात येणार? एक आकडा खोटा वाटला की बाकीच्या आकड्यांवरचाही भरवसा जातो. इथे चार दिवस आधी रिपोर्ट आणि टीडीएसची धावपळ संपणे एवढाच फायदा सांगितला होता, आणि तो खरा होता.

पेशंटच्या नावाबद्दलचा परिच्छेद काहींना जास्तीचा वाटेल. डॉक्टरला तो वाटत नाही. कोण कोणत्या आजारासाठी आला हे दवाखान्याचे गुपित असते, आणि २०२३ मध्ये देशात व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला आहे. घरी काम करता यावे म्हणून बिलांची फाइल स्वतःच्या ई-मेलवर पाठवून ठेवणारी मुले मी पाहिली आहेत. मालकाला हे कळले तर मंजुरी सोडा, नोकरी राहणार नाही.

डॉक्टर साहेबांनी पहिल्या प्रश्नाला जे उत्तर दिले ते ऐकण्यासारखे आहे. दवाखान्याने सवलत दिली असेल तर हिस्सा पूर्ण फीवर द्यावा, डॉक्टरांनी स्वतः चिठ्ठी लिहून सवलत दिली असेल तर कमी झालेल्या फीवर. न्यायाचे उत्तर आहे. पण आता अडचण अशी की सवलत कोणी दिली हे बिलात कुठेच नोंदले जात नव्हते! यंत्राला ते कळणार कसे? शेवटी काउंटरवरच्या मुलीला सांगावे लागले की सवलत देताना शेऱ्याच्या जागी `C` किंवा `D` टाइप करायचे, `C` म्हणजे क्लिनिक, `D` म्हणजे डॉक्टर, आणि चिठ्ठी पावतीबुकाला टाचून ठेवायची. महिनाअखेरची सुधारणा अशी महिन्याच्या पहिल्या तारखेला, काउंटरवर सुरू करावी लागते. पत्र लिहिणाऱ्या मुलांना ही गोष्ट बहुधा शेवटी कळते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर होते पैसे आल्यावर, आणि तिसऱ्याचे, पुढच्या महिन्यात धरा. तिसऱ्या उत्तराचे पुढे फार काम पडले. ते सांगतो.

आधी सप्टेंबरच्या हिशेबाचा सांगाडा पाहू. बिले ६,४८,३०० रुपयांची. त्यातून सवलत १२,४०० आणि परत दिलेले ३,९०० वजा केले की राहतात ६,३२,०००. समोर रोख २,७१,५००, यूपीआय २,८६,२००, कार्ड ६०,००० आणि येणे बाकी १४,३००. बेरीज तीच, ६,३२,०००. दोन बाजू जुळल्या नाहीत तर पुढचे काहीही वाचू नये. ही पहिली कसोटी. दुसरी कसोटी आपल्या बिलबुकाचीच आहे. पहिले बिल ४११२, शेवटचे ५३९५, म्हणजे बिले १,२८४ हवीत. फाइलीत १,२८३ ओळी असतील तर एक बिल कुठेतरी गळाले आहे.

पैसे जुळवण्याचे सात तास कशात जात होते तेही कळायला हवे. काउंटरवरच्या क्यूआरचे पैसे ती क्यूआर देणारी कंपनी एकत्र करून दुसऱ्या दिवशी बँकेत टाकते. म्हणजे ३० सप्टेंबरचे १४,१०० रुपये बँकेत १ ऑक्टोबरला दिसणार, आणि ३१ ऑगस्टचे ६,८०० सप्टेंबरच्या पानावर येऊन बसणार. बिलांप्रमाणे यूपीआय २,८६,२००. त्यातून १४,१०० वजा आणि ६,८०० जमा केले की २,७८,९०० होतात, आणि बँकेत बरोबर तेवढेच आले होते. कार्डाचे आणखी निराळे. क्रेडिट कार्डाने ५०० रुपयांचे बिल दिले तर दोन टक्के दराने १० रुपये मशीनवाला कापतो, आणि खात्यात येतात ४९० रुपये. चाचा असे प्रत्येक बिल वेगळे काढून फरक लिहीत. ६०,००० वर हे १,२०० रुपये होतात. मशीनवाल्याच्या रोजच्या फाइलीत ही कपात वेगळ्या रकान्यात असते, म्हणून यंत्र ते क्षणात करते. सातातले पाच तास इथे वाचले. उरलेले दोन तास कशात जातात, तर पेशंटने यूपीआय केले पण काउंटरवर रोख लिहिले गेले, अशा गोष्टींत. त्या शोधायला चाचांसारखाच माणूस हवा, ज्याला रात्री काउंटरवर कोण होते ते आठवते.

पहिल्या चाचणीत गंमत झाली. ३० तारखेला रात्री भाचीने `Refresh All` दाबले, आणि महिन्याची बिले म्हणून जेमतेम एकवीस हजार रुपये आले. साडेसहा लाखांच्या जागी एकवीस हजार! कारण तारखेत होते. बिलिंगचा प्रोग्राम तारीख दिवस-महिना अशी लिहितो, आणि त्या संगणकावर एक्सेल ती अमेरिकी रिवाजाप्रमाणे महिना-दिवस अशी वाचत होते. ३ सप्टेंबरची तारीख त्याने ९ मार्च केली. १३ तारखेपासून पुढे तेरावा महिनाच नसल्यामुळे त्या तारखांचा अर्थच त्याला लागला नाही. बरोबर वाचली गेली फक्त ९ सप्टेंबर, कारण ती दोन्हीकडून सारखीच. म्हणून त्या एकाच दिवसाची बिले बेरजेत आली. हा दोष ओळखायची खूण अशी की महिन्यातला एकच दिवस बरोबर येतो, पहिले बारा दिवस भलत्याच महिन्यांत विखुरतात आणि उरलेले दिवस गायब होतात. फाइल आत घेताना तारखेचा रिवाज भारतीय आहे एवढे एकदा सांगितले की काम होते. मात्र अशी चूक थोडी लहान असती, चार-पाच बिलांपुरती असती, तर नजरेला दिसली नसती. म्हणून दोन कसोट्या पानाच्या माथ्यावरच हव्यात, आतल्या कोपऱ्यात नकोत.

तारीख दुरुस्त झाली. मग दोन्ही हिशेब समोरासमोर ठेवले तर १,८०० रुपयांचा फरक. चाचांचा आकडा कमी, नवा जास्त. दोन दिवस शोध चालला. मुलांच्या डॉक्टरांकडची ६०० ची तीन बिले सप्टेंबरच्या शेवटच्या दिवशी झाली होती. डॉक्टरांना अचानक जावे लागले आणि पेशंट न तपासता परत गेले. काउंटरवरच्या मुलीने ती बिले १ ऑक्टोबरला रद्द केली. बिलिंगचा प्रोग्राम असा की तो रद्द बिल जुन्याच तारखेला रद्द दाखवतो. चाचांनी बिले ३ ऑक्टोबरला उतरवली, म्हणून त्यांच्या कागदावर ती नव्हती. भाचीची फाइल ३० च्या रात्रीची, तिच्यात ती होती.

दोघेही आपल्या जागी खरे होते. पण यातला धोका मोठा आहे. वहीत शाईने लिहिलेला मागचा महिना बदलत नाही, बदलला तर खाडाखोड दिसते. यंत्राला ताजी फाइल दिली की ते मागचा महिना गुपचूप नवा लिहून देते. मालकाने २ तारखेला एक आकडा पाहिला, डॉक्टरांना त्याप्रमाणे हिस्सा दिला, टीडीएस भरला आणि २० तारखेला तोच महिना पुन्हा उघडला तर आकडा निराळा. कोणी हात मारला असा शक येणारच, आणि तो कोणावर येईल ते सांगायला नको. म्हणून डॉक्टर साहेबांचे तिसरे उत्तर इथे कामाला आले. महिन्याच्या शेवटच्या रात्री फाइल काढायची, तिला कुलूप लावून वेगळी ठेवायची, आणि त्या महिन्याचा रिपोर्ट कायम त्याच फाइलीवरून काढायचा. नंतर रद्द झालेले बिल पुढच्या महिन्यात वेगळ्या ओळीत वजा होईल. मुलांच्या डॉक्टरांचे १,२६० रुपये त्या नियमाने ऑक्टोबरमध्ये वजा व्हायचे. चाचणी चालू असल्यामुळे प्रत्यक्षात पैसे चाचांच्या कागदाप्रमाणेच दिले गेले, आणि नव्या कागदावर फरकाचे कारण लिहिले गेले.

ज्यांच्याकडे अशी पत्रे येतात त्या मालकांनाही एक सांगणे आहे. पत्रात कुलूप लावलेल्या महिन्याचा उल्लेख नसेल तर मंजुरी देण्याआधी विचारा की मागचा महिना मी पुन्हा उघडला तर तोच आकडा दिसेल काय. उत्तर देताना मुलगा अडखळला तर रागावू नका. त्याला आणखी एक महिनाअखेर जुन्या माणसाच्या शेजारी बसवा. आणि उत्तर नकाराचे असले तरी उत्तर द्या. तीन आठवडे गप्प राहिल्याने मुलाला असे वाटते की हिशेबात कोणालाच रस नाही, आणि असा मुलगा पुढे काही विचारतच नाही.

ऑक्टोबरची चाचणी ३१ च्या रात्री बंद केली. फरक ३५० रुपयांचा आला, एका सवलतीवर `C` की `D` टाइप करायचे राहिले होते. चिठ्ठी पावतीबुकाला टाचलेली सापडली. २ नोव्हेंबरला रिपोर्ट डॉक्टर साहेबांच्या टेबलावर गेला. त्यांनी नवी पद्धत मंजूर केली, मात्र एक अट घातली. चारही डॉक्टरांच्या हिश्शाच्या कागदावर चाचा प्रत्येकाची दहा बिले स्वतः तपासून सही करतील आणि त्या सहीशिवाय चेक निघणार नाही. भाचीला ही अट थोडी खटकली, माझ्याकडे तसे बोललीही. चाचांनी मात्र त्याच दिवशी नवे पेन आणले.